नातीच्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठी आजीचं पत्र: वाचून दाखवता येईल असं कसं लिहायचं?

प्रश्न: नात साडेतीन वर्षांची, पुण्यात असते. सोमवारी बालवाडीचा पहिला दिवस. मी कोल्हापूरला. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही काहीतरी लिहून पाठवा, मी रात्री वाचून दाखवते." लिहायला बसले तर असं होतंय: "चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद. उद्या तू शाळारूपी मंदिरात पहिलं पाऊल टाकणार. आता तू मोठी झालीस. रडू नकोस, बाईंचं ऐक, खूप मज्जा येईल. मी संध्याकाळी फोन करीन." हे तिला काय कळणार? ती फोनवर आमच्या मनीमांजराशी तासन्‌तास बोलते, तसं काहीतरी गमतीचं हवंय. किती मोठं लिहू आणि कसं?

उत्तर:

काकू, तुम्ही अडताय ते शब्दांपाशी नाही. हे पत्र लिहिणार तुम्ही, वाचणार सूनबाई आणि ऐकणार छकुली. मोठ्यांच्या पत्रात लिहिणारा आणि वाचणारा असे दोघेच असतात. इथं मध्ये तिसरं माणूस आहे आणि छकुलीला आवाज त्या तिसऱ्या माणसाचाच ऐकू येणार आहे. बालवाडीच्या मुलांना वाचून दाखवायचे मजकूर लिहिणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम आहे. आजी-आजोबांच्या पत्रांत सगळ्यांत जास्त गोंधळ नेमका इथंच होतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करू. "मी संध्याकाळी फोन करीन." हे वाक्य सूनबाईंच्या तोंडून येईल तेव्हा छकुलीच्या लेखी "मी" म्हणजे आई. आई फोन करणार म्हणजे आई घरी नसणार, असा सरळ अर्थ ती लावेल. साडेतीन वर्षांच्या मुलाला "मी" म्हणजे जो बोलतोय तो, एवढंच पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्याचं "मी" आपण आपल्या तोंडानं वाचतो, हा कागदाचा नियम त्याला अजून कळलेला नसतो. तेव्हा पत्रातून "मी" पूर्ण काढून टाका आणि त्या जागी "आजी" लिहा. "आजी रात्री फोन करणार." आपण मुलांशी बोलताना एरवीही "आजी देते हं" असंच म्हणतो, त्यामुळे ते ओढूनताणून वाटत नाही. "तू"चीही तीच काळजी घ्या. अधूनमधून "तू" चालेल, पण "छकुली" म्हटलं की तिचे कान टवकारतात. "तुझी आई", "तुझे बाबा" नको, नुसतं "आई", "बाबा" लिहा. सूनबाईंनीच "तुझी आई दारापर्यंत येईल" असं वाचलं तर ती कोण दुसरी आई, असा प्रश्न पडायचा.

आता गमतीकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. या वयाला शब्दांवरची कोटी कळत नाही, यमकाचं कौतुक थोडंफार असतं, पण हमखास हसू येतं ते मोठ्या माणसाची चूक पकडण्यात. "बूट कानात घालायचे?" म्हटलं की मूल ओरडून सांगतं, "नाहीऽऽ, पायात!" त्या क्षणी त्याला सगळं येत असतं आणि आजीला काहीच येत नसतं. सोमवारी ती जिथं जाणार आहे तिथलं तिला काहीच ठाऊक नाही. तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांना सगळं ठाऊक आणि आपल्याला काहीच नाही, हा तिचा दिवस असणार आहे. म्हणून आदल्या रात्री तिला "तुला येतं" असं सांगण्यापेक्षा तिला येत असलेलं तिच्याकडून वदवून घेणं जास्त कामाचं. तुमचं "आता तू मोठी झालीस" हे वाक्य म्हणूनच काढून टाकायला सांगते. त्यातून तिला एवढंच ऐकू येतं की आता मांडीवर बसायचं नाही आणि रडायचं नाही.

पण या चुकीच्या खेळाला एक कडक कुंपण आहे: गंमत फक्त घरातल्या गोष्टींची करायची, शाळेतल्या गोष्टी मात्र जशाच्या तशा खऱ्या सांगायच्या. बूट पायात असतात हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणून कानातला बूट तिला विनोद वाटतो. शाळेत काय असतं हे तिला अजून माहीत नाही, म्हणून "शाळेत मगर बसलीय का गं बाकावर?" हा तिच्यासाठी विनोद नाही, ती बातमी आहे. ती त्या वेळी हसेलही, कारण आई हसतेय. पण दिवा मालवल्यावर ती मगर बाकावरून हलणार नाही. सोमवारी सकाळी "मला नाही जायचं" म्हणून हटून बसलेल्या मुलाला नीट विचारलं, तर कधीकधी असलंच कुणीतरी थट्टेत बोललेलं वाक्य निघतं. "बाई काठी घेऊन उभ्या असतील हं" हेही त्यातलंच. म्हणणारे काका थट्टा करतात आणि ऐकणारा खरं मानतो.

शाळेबद्दल खरं सांगायचं तर आधी खरं काय ते तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी सूनबाईंना एक फोन करा आणि विचारा: सोडायला कोण जाणार? दारापर्यंत की वर्गापर्यंत? आणायला कोण येणार? घरी यायच्या लगेच आधी वर्गात काय असतं, म्हणजे गाणं, डबा की गोष्ट? शिकवणाऱ्यांना काय म्हणतात: ताई, बाई, मिस, टीचर? डबा पहिल्या दिवशी न्यायचा आहे का? अनेक बालवाड्यांत पहिला आठवडा तास-दीड तासाचाच असतो आणि डबा नंतर सुरू होतो. तुम्ही पत्रात डब्याचा एवढा गाजावाजा केला आणि दप्तरात डबाच नसला, तर आजी खोटं बोलली असं होतं. घंटेचंही तसंच. आपल्या डोक्यात शाळा म्हटली की टणटण घंटा वाजते, पण कित्येक बालवाड्यांत घंटा वाजवतच नाहीत. ज्या मुलीला "घंटा वाजली की बाबा येणार" असं सांगितलंय, ती घंटेची वाट बघत बसेल. आणखी एक शब्द जपून वापरा, तो म्हणजे "मावशी". शाळेत मुलांना शी-शूला नेणाऱ्या, हात धुवून देणाऱ्या बाईंना सर्रास मावशी म्हणतात. "शाळेत मावशी आहे" असं पत्रात आलं आणि छकुलीला स्वतःची मावशी असली, तर ती वर्गभर तिलाच शोधत फिरेल.

पावसाचा मोह आवरा. जूनची शाळा आणि पाऊस ही आपल्या आठवणीतली जोडी आहे, पण सोमवारी ऊन पडलं तर रेनकोट, छत्री आणि टपटप थेंबांचं सगळं वर्णन वाया जाईल आणि ती खिडकीशी उभी राहून "पाऊस कुठंय?" विचारेल.

आता वेळ सांगायची कशी? "उद्या" हा शब्द साडेतीन वर्षांच्या मुलाला अर्धामुर्धाच कळतो. काल, उद्या आणि परवा यांची सरमिसळ या वयात चालायचीच. आणि आपला "परवा" तर मागचाही असतो आणि पुढचाही. "दोन तासांनी बाबा येतील" यालाही तिच्या लेखी अर्थ नाही. तिला क्रम कळतो. आंघोळ, मग जेवण, मग झोप ही साखळी ती रोज जगते. म्हणून शाळेची वेळही साखळीनंच सांगा: एक झोप झाली की शाळा. शाळेत खेळ, मग डबा, मग गाणं, गाणं झालं की बाबा. बाबांच्या आधीची कडी अशी निवडा जी वर्गात खरोखर शेवटची असते आणि तिला ओळखता येते. गाणं हे त्यासाठी उत्तम, कारण ते ऐकू येतं. वर्गातलं गाणं सुरू झालं की आता बाबा येणार, हे तिचं तिला कळेल.

"पहिला दिवस" या शब्दानंही एक घोटाळा होतो. आपल्याला पहिला म्हटलं की पुढचे दिवस आपोआप दिसतात, मुलांना दिसत नाहीत. सोमवारी शाळा पार पडली की ती संपली, असं समजणारी मुलं पुष्कळ असतात. सोमवारी हसत गेलेलं मूल मंगळवारी रडतं, त्याचं एक कारण हे असू शकतं: "काल गेले होते की!" म्हणून पत्राच्या शेवटी "पुन्हा झोप, झोप झाली की पुन्हा शाळा" एवढं असावं. "शाळा भरते" आणि "शाळा सुटते" हेही टाळा. तिच्यासाठी बादली भरते आणि चप्पल सुटते.

तुमच्या मजकुरातली आणखी दोन वाक्यं बघू. "रडू नकोस" यात ऐकू येतो तो रडण्याचा विषय. आतापर्यंत तिच्या मनात रडण्याचं काही नसेल तर आता आलं. आणि ती सोमवारी रडलीच, जे अगदी स्वाभाविक आहे, तर आजीनं नको म्हटलेलं आपण केलं, ही रुखरुख वर. रडण्याबद्दल काहीच लिहू नका. "खूप मज्जा येईल" हे वचन तुमच्या हातातलं नाही. पहिल्या दिवशी वर्गात पाच मुलं रडत असतात, कुणाचं तरी नाक वाहत असतं, ठोकळे दुसऱ्यानंच घेतलेले असतात. मज्जेच्या जागी वस्तू लिहा. "शाळेत ठोकळे आहेत" हे खरं निघतं आणि ते खरं निघालं की पत्रातलं बाकीचंही तिला खरं वाटतं. फक्त ठोकळे आहेत ना, हे मात्र फोनवर विचारून घ्या. "आजीला तुझी खूप आठवण येईल" हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्र संपवताना हात तिकडं वळतो. ते नको. आपण शाळेत गेल्यानं कोल्हापूरला आजी रडत बसणार, हे ओझं तिच्या दप्तरात कशाला?

लांबीचं विचारलंत. पंचाहत्तर ते शंभर शब्द पुरेत. नुसते सावकाश वाचले तर मिनिटभराचं काम, आणि छकुलीची उत्तरं, हसणं, "पुन्हा वाच" धरून तीन-चार मिनिटं सहज जातात. यापेक्षा लांब झालं की खेळ मध्येच सुटतो. वाक्य जास्तीत जास्त पाच शब्दांचं ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्यात मुलाला शेवटपर्यंत काय झालं तेच कळत नाही. "तुझ्या बाबांनी बाजारातून आणलेल्या नव्या लाल दप्तरात आईनं केलेली पोळी ठेवलीय" या वाक्यात "ठेवलीय" येईपर्यंत छकुली पलंगाखाली गेलेली असेल.

याच क्रियापदामुळे आणखी एक अडचण होते. मुलांना रिकामी जागा भरायला आवडते. पण "बूट आपण ____ घालतो" अशी जागा वाक्याच्या पोटात आली, तर वाचणारी नेमकी थांबते कुठं आणि मूल बोलतं कधी, याचा ताल बसत नाही. म्हणून रिकामी जागा न ठेवता प्रश्न करा आणि प्रश्नाला चुकीचं उत्तर जोडा: "बूट कुठं घालायचे? कानात?" तिथं वाक्य संपतं, आवाज वर जातो आणि पुढची पाळी आपली आहे हे तिला न सांगता कळतं. चुका तीनच ठेवा. पहिल्या चुकीला ती बिचकते, दुसरीला खेळ कळतो, तिसरीला ती उत्तर घेऊन तयारच बसते. चौथ्या-पाचव्या चुकीला बहुतेक मुलं आपापल्या चुका सांगायला लागतात. ते छानच आहे, पण मग पत्राचा पुढचा, शाळेचा भाग ऐकला जात नाही.

या तीन चुका कोणत्या निवडायच्या यालाही कारण आहे. सोमवारी सकाळी घरात जी कामं होणार त्याच्याशीच त्या जोडा: दप्तर, बूट, डबा. म्हणजे सकाळी घाईत बूट चढवताना सूनबाई नुसतं "कानात?" म्हणाल्या, तरी आदल्या रात्रीचा खेळ पुन्हा सुरू होतो आणि पाय पुढं येतो.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आणि काही गोष्टी गृहीत धरून पत्र असं होईल. पोळी, ताई, ठोकळे, गाणं, दारापर्यंत येणारी आई आणि आणायला येणारे बाबा हे मी धरलंय, ते तुम्ही फोनवर खात्री करून बदला.

*छकुली, ए छकुली!*
*आजीचं पत्र आलं!*

*आता एक झोप.*
*झोप झाली की शाळा!*

*दप्तर कुठं अडकवायचं?*
*नाकाला?*
●
*अगंबाई, पाठीला होय!*

*बूट कुठं घालायचे?*
*कानात?*
●
*अगंबाई, पायात होय!*

*डब्यातली पोळी कुणी खायची?*
*मनीनं?*
●
*अगंबाई, छकुलीनं होय!*

*शाळेत ताई आहेत.*
*शाळेत मुलं आहेत.*
*शाळेत ठोकळे आहेत.*

*आई दारापर्यंत येणार.*
*टाटा करणार.*
*मग खेळ.*
*मग डबा.*
*मग गाणं.*
*गाणं झालं की बाबा येणार!*

*रात्री आजीचा फोन येणार.*
*आजी विचारणार,*
*पोळी कुणी खाल्ली?*

*मग पुन्हा झोप.*
*झोप झाली की पुन्हा शाळा.*

काळा ठिपका आहे तिथं वाचणाऱ्यानं थांबायचं. हे सूनबाईंना आधी सांगून ठेवा, कारण मोठ्या माणसांना थांबणं जमत नाही. या वयाचं मूल उत्तर द्यायला तीन-चार सेकंद सहज घेतं. आपल्याला तेवढा वेळ फार वाटतो, आपण एका सेकंदात उत्तर सांगून मोकळे होतो आणि खेळ तिथंच मरतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. आणि छकुली "खांद्याला!" म्हणाली तर पुढं "पाठीला होय!" वाचायचं नाही, "अगंबाई, खांद्याला होय!" म्हणायचं. छापलेलं उत्तर तिनं काहीच न बोलल्यास कामाला येण्यापुरतं. ती जे बोलेल तेच बरोबर धरून पुढं जायचं.

"अगंबाई" मी तुमच्यासाठी घातलंय, कारण ते आजीच्या तोंडी शोभतं. तुम्ही घरात "आत्ता गं!" किंवा "व्हय की!" म्हणत असाल तर तेच लिहा. आजोबा लिहिणार असतील तर "अरेच्चा!" सूनबाईंच्या आवाजात तुमचा हा एक शब्द आला की छकुलीला आजी ऐकू येते. त्यासाठीच लिहिताना तुमचं बोलणं पुस्तकी करू नका. तुम्ही "कुठं" म्हणता तर "कुठे" लिहायची गरज नाही. "शाळारूपी मंदिर" आणि "अनेक उत्तम आशीर्वाद" हे सूनबाईंना वेगळ्या कागदावर लिहा, त्यांना ते आवडेल.

पत्राचा चढ-उतारही बघून ठेवा. वरचा अर्धा भाग आरडाओरड्याचा आहे, खालचा अर्धा शांत. हे मुद्दाम केलंय. झोपताना वाचायचा मजकूर हशानं संपवला तर मूल तासभर पलंगावर उड्या मारतं आणि सोमवारी सकाळी उठत नाही. "मग खेळ, मग डबा, मग गाणं" इथून आवाज उतरवत न्यायचा आणि शेवटच्या दोन ओळी जवळजवळ कुजबुजून वाचायच्या.

कागदावर उतरवताना अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं काढा आणि एका ओळीत एकच वाक्य लिहा. प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला त्या वस्तूचं चित्र काढा: दप्तर, बूट, पोळी. चित्र वेडंवाकडं असलं तरी हरकत नाही, पण ते चित्र बरोबर जागचं असू दे, म्हणजे बूट पायातच. शब्दांत चूक आणि चित्रात बरोबर अशी मांडणी झाली की छकुली चित्रावर बोट ठेवून सांगते, "हे बघ, पायात!" तिच्याकडं पुरावाच येतो. दुसऱ्या वाचनाला ती कागद स्वतःच्या हातात घेईल आणि चित्रं बघत "वाचेल". घेऊ द्या.

पत्र टपालानं पाठवणार असाल तर आठवडाभर आधी टाका, कारण ते मंगळवारी पोचलं तर सगळंच हुकलं. राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी. तिकडं नात असेल तर तारीख आधी विचारून घ्या. वेळ नसेल तर कागदाचा फोटो पाठवा आणि सूनबाईंना तो कागदावर छापून किंवा हातानं उतरवून घ्यायला सांगा. मोबाइलवरून वाचलं तर छकुलीचं लक्ष पडद्यावर जातं आणि दोन मिनिटांत ती कार्टून मागते. तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचा विचार असेल तर मला तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. रेकॉर्डिंग थांबत नाही. ती बिचारी "पायात!" म्हणेपर्यंत आजी पुढच्या ओळीवर गेलेली असते. करायचंच झालं तर प्रत्येक प्रश्नानंतर पाच सेकंद गप्प राहून रेकॉर्ड करा.

वाचायचं रविवारी रात्री, जेवणं झाल्यावर. दुपारी वाचलं आणि ती दुपारी झोपली, तर उठल्यावर "झोप झाली, चला शाळेत" म्हणून दाराशी उभी राहील, कारण पत्रात तसंच लिहिलंय. शनिवारपासून खेळ सुरू करायचा असेल तर नुसते तीन प्रश्न खेळा, झोपेची ओळ रविवार रात्रीसाठी ठेवा. सोमवारी शाळेच्या दारात पत्र वाचायचं नाही आणि खेळही करायचा नाही. तिथं सूनबाईंनी फक्त साखळी म्हणायची, "खेळ, डबा, गाणं, बाबा," टाटा करायचा आणि निघायचं. पत्रात "टाटा करणार" ही ओळ आहे ती त्यासाठीच. मूल खेळात रमलं म्हणून न सांगता सटकण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण मग पत्रातली ओळ खोटी ठरते आणि मंगळवारी ती पदर सोडत नाही.

पत्र लागू पडतंय की नाही हे वाचतानाच कळतं. छकुली कागदाकडं किंवा चित्राकडं बघत असली, उत्तराच्या आधीच तोंड उघडत असली, तर ठीक. ती सतत आईच्या चेहऱ्याकडं बघायला लागली तर तिला कसली तरी शंका आलीय. बहुधा "आई दारापर्यंत येणार" इथं ते होतं आणि ती विचारते, "आई आत नाही येणार?" तिथं सूनबाईंनी "येईन हं" म्हणून वेळ मारून न्यायची नाही. "आई दारापर्यंत. मग गाणं. मग बाबा," हेच पुन्हा, त्याच आवाजात म्हणायचं. तिनं तीनदा विचारलं तर तीनदा.

काही गोष्टी मात्र घराप्रमाणे बदलतील. छकुली आधीच पाळणाघरात राहात असेल तर दारातल्या निरोपाची तिला सवय आहे, तो भाग आणखी छोटा करा. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल आणि घरात सगळे "बॅग", "टिफिन" म्हणत असतील तर तेच शब्द ठेवा. दप्तर हा शब्द तिला शिकवायची ही रात्र नाही. नातवंड परदेशात असेल, समजा इंग्लंडमध्ये, तर तिथं चार वर्षांची मुलं सप्टेंबरात शाळेत जातात. अशा मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. येऊ द्या, खेळ तोच राहतो. फक्त चुका शरीराच्या भागांच्या निवडा, नाक, कान, पाय, कारण ते शब्द मुलांना लवकर येतात. आणि हेच पत्र पहिलीत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी असेल तर कानातला बूट त्याला बाळबोध वाटेल. त्याच्यासाठी दोन-तीन शब्द असे ठेवा जे तो स्वतः वाचू शकेल, काना-मात्रा आणि जोडाक्षर नसलेले, जसे घर, बस, नळ, मगर, आणि ते वेगळ्या रंगात लिहा. मोठ्यांनी वाचत यायचं आणि रंगीत शब्दाशी थांबायचं. त्याला मगरही चालेल, कारण बाकावर मगर नसते हे सहाव्या वर्षी पक्कं ठाऊक असतं.

सोमवारी रात्रीच्या फोनची वेळ सूनबाईंशी ठरवून घ्या आणि ती चुकवू नका. फोनवर "मज्जा आली का?", "रडलीस का?", "काय शिकवलं?" यातलं काही विचारू नका. दिवसभराचं उत्तर तिला देता येत नाही, ती "हो" म्हणून फोन आईकडं देते. पत्रातलाच प्रश्न विचारा, "पोळी कुणी खाल्ली?" ती "मी!" म्हणाली तर "अगंबाई, छकुलीनं होय!" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा त्या गप्प बसण्यातच पुढचं आपोआप येतं: एका मुलानं पाणी सांडलं, ताईंचं कुंकू मोठं होतं, ठोकळा हिरवा होता. आणि ती खिदळत "मनीनं खाल्ली!" म्हणाली, तर आता चूक करायची पाळी तिनं घेतलीय. तुम्ही ओरडायचं, "नाहीऽऽ!"